मदत हवी आहे: चॅटबॉटने लावलेले विषय ९२% जुळतात, तरी जीव खालीवर होतोय

वावरातली_वही

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत काम करते. खरीप आटोपल्यावर आमच्या मुलामुलींनी गावोगाव फिरून १,३४० शेतकऱ्यांना एक मोकळा प्रश्न विचारला: "यंदा शेतीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" उत्तर जसं बोलले तसंच लिहून घ्यायचं ठरलं होतं, त्यामुळे बहुतेक उत्तरं वऱ्हाडीत आहेत. काही मोबाईलवर बोलून टाईप केलेली आहेत, त्यात "बोंडअळी"चं "बोंड आली" झालेलं सापडतं.

आम्ही सात विषय ठरवले: कीड-रोग, पाऊस-पाणी, भाव, मजूर, वन्यप्राणी, वीज, पांदण रस्ता. एका उत्तरात दोन-तीन विषय असू शकतात. विषयांची नुसती नावं चॅटबॉटला दिली आणि प्रत्येक उत्तरापुढे कोणते विषय लागतात ते लिहायला सांगितलं. मग चिठ्ठ्या टाकून २०० उत्तरं काढली. बॉटचं काम न बघता ती मी स्वतः वाचून विषय लावले. नंतर संस्थेतल्या एका दादांनीही तीच २०० तपासली.

अडचण वन्यप्राण्यांच्या विषयात आहे. माझं आणि बॉटचं १८४ उत्तरांवर जुळलं, म्हणजे ९२%. दादांचं आणि बॉटचं ९८% जुळलं. कोणाचं धरायचं? आणि उरलेली १,१४० उत्तरं बॉटवर सोडू का? अहवालावरून पुढच्या वर्षी कुठल्या गावात कुंपणासाठी मदत द्यायची ते ठरणार आहे, म्हणून काळजी वाटते.

कपाशी_कट्टा

ताई, ९०% च्या वर जुळलं म्हणजे झालं. माणसामाणसातही इतकं जुळत नाही. दादांचे ९८ आणि तुमचे ९२, सरासरी ९५ लिहून टाका.

धुऱ्यावरचा

रानडुकराच्या नुकसानीसाठी वनविभागाकडे अर्ज करा लागते ताई, मंग पंचनामा होते. आमच्या इकडे रोह्यांनं तुरीचे शेंडेच ठेवले नाही. झटका मशीन लावली तरी डुकरं खालून घुसतात. अर्जासोबत सातबारा अन् फोटो जोडा, फोटो पंचनाम्याच्या आधीचे पाहिजे.

वावरातली_वही

@धुऱ्यावरचा दादा, माझा प्रश्न उत्तरांची वर्गवारी करण्याबद्दल होता, भरपाईबद्दल नाही. पण तुम्ही लिहिलेलं कार्यकर्त्यांना पाठवते, त्यांना गावात हेच विचारतात.

आकडेमोड_अमरावती

सरासरी काढू नका. आधी दोन गोष्टी सांगा. तुम्ही किती उत्तरांना वन्यप्राणी लावलं आणि बॉटने किती? आणि दादांनी तपासलं म्हणजे नेमकं कसं? बॉटचा रकाना त्यांच्या समोर होता का?

वावरातली_वही

मी २० उत्तरांना लावलं, बॉटने १२. दोघांनीही लावलेली ८. दादांना मी बॉटच्या रकान्यासकट शीट दिलं होतं आणि "चुकलेलं दुरुस्त करा" असं सांगितलं होतं.

आकडेमोड_अमरावती

मग ते ९८% बाजूला ठेवा. समोर उत्तर लिहिलेलं असलं की वाचणारा ते खोडायला कारण शोधतो, आणि दुपारनंतर तेही शोधत नाही. दादांनी बॉटला मान्यता दिली, स्वतंत्रपणे विषय लावले नाहीत.

आता तुमचे ९२%. तुमच्या हिशेबाने २०० पैकी १८० उत्तरांत वन्यप्राणी नाहीतच. समजा बॉटने एकही उत्तर न वाचता सगळीकडे "नाही" लिहिलं असतं, तर १८० जुळली असती. म्हणजे काहीच न करता ९०%. त्यापुढे तुमचे ९२% केवढे, ते बघा.

याच कारणासाठी कोहेनचा कॅप्पा काढतात (१९६० पासून वापरात आहे). योगायोगाने जेवढं जुळलं असतं ते वजा करून उरलेल्यातलं किती जुळलं, ते तो सांगतो. तुम्ही १०% ठिकाणी "हो" म्हणता, बॉट ६% ठिकाणी. दोघांनी एकमेकांचं न बघता याच प्रमाणात "हो" आणि "नाही" वाटले असते तरी ०.१० × ०.०६ आणि ०.९० × ०.९४ मिळून ०.८५२ जुळलं असतं. प्रत्यक्षात जुळलं ०.९२. म्हणजे ०.०६८ भागिले ०.१४८, कॅप्पा सुमारे ०.४६.

शीटमध्ये तुमचा रकाना C आणि बॉटचा D असेल, "हो"ला १ आणि "नाही"ला ० असेल, तर चार मोजण्या पुरतात:

```
=COUNTIFS(C2:C201,1,D2:D201,1)
=COUNTIFS(C2:C201,1,D2:D201,0)
=COUNTIFS(C2:C201,0,D2:D201,1)
=COUNTIFS(C2:C201,0,D2:D201,0)
```

हे प्रत्येक विषयासाठी वेगळं करा. सातही विषयांचा मिळून एकच आकडा काढलात तर कीड-रोगासारखा सोपा विषय वन्यप्राण्यांची चूक झाकून टाकेल.

कपाशी_कट्टा

कॅप्पाची पट्टी मीही वाचली आहे, ०.४१ ते ०.६० मध्यम. म्हणजे बॉट नापास. सगळी १,३४० हातानेच करा.

आकडेमोड_अमरावती

ती पट्टी लँडिस आणि कॉख यांची, १९७७ ची. त्या सीमारेषा आपण मनाने आखल्यात, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नापास ठरवण्याआधी न जुळलेली सगळी १६ उत्तरं वाचायला हवीत. चूक कुठे आहे ते आकड्यातून दिसत नाही, उत्तरातून दिसतं. वहीताई, ती १६ इथे टाकता का? नावं, गावं काढून. आणि बॉटला दिलेल्या शीटमध्ये नाव आणि फोन नंबरचा रकाना होता का?

वावरातली_वही

नाव-फोन आधीच काढले होते, फक्त अनुक्रमांक ठेवला होता.

१६ वाचली आणि मन खट्टू झालं. मी लावलं पण बॉटने सोडलं, अशी १२:

सात उत्तरांत "जागल" आहे, म्हणजे जनावरांपासून पिकाची रात्रभर राखण. "रोज जागलीले जा लागते, झोप नाही." बॉटने यातली पाच वीज विषयात टाकली आणि दोन कुठेच नाही. तीन उत्तरांत नुसतं "रोही" म्हणजे नीलगाय आहे, "रोह्यांनं चना खाल्ला" असं. उरलेल्या दोन उत्तरांत प्राण्याचं नाव नाही, "रातच्यानं वावरात जा लागते" एवढंच आहे. तिथे मी गाव बघून अंदाज केला होता.

बॉटने लावलं पण मी नाही, अशी ४: चारही ठिकाणी दुसऱ्याची मोकाट ढोरं पिकात शिरलेली आहेत.

शाळा_आणि_शीट

आमच्या शाळेत पालकांच्या सूचनांचं असंच केलं होतं. ३०० सूचना एकदम चिकटवल्या. परत आलेल्या यादीत २९१ ओळी होत्या. मधल्या नऊ गळाल्या आणि त्याखालचे सगळे विषय वर सरकले, त्यामुळे मधल्या सुट्टीच्या तक्रारीपुढे "गणवेश" आलं. तुमचं असं झालं नाही ना? आम्ही आता २०-२० देतो, अनुक्रमांकासकट परत मागतो आणि दर वेळी ओळी मोजतो.

वावरातली_वही

@शाळा_आणि_शीट २५-२५ दिली होती. आत्ता मोजलं, १,३४० च आहेत आणि क्रमांकही जुळतात. सांगितलंत ते बरं झालं, मोजलं नव्हतं.

आकडेमोड_अमरावती

ही १६ उत्तरं फार कामाची आहेत. जागल आणि रोही हे बॉटला न कळलेले शब्द. रात्री वावरात जाणं म्हणजे वीज रात्री येते म्हणून पाणी द्यायला जाणं, असा त्याचा ग्रह झालेला दिसतो, आणि तोही अर्थ आपल्याकडे खराच आहे. मोकाट ढोरांचं मात्र बॉटवर ढकलू नका. तुम्ही त्याला "वन्यप्राणी" एवढंच नाव दिलंत, काय धरायचं आणि काय नाही हे कुठे लिहिलंच नव्हतं. शेवटच्या दोन उत्तरांत तुम्ही गाव बघितलंत, बॉटकडे गाव नव्हतं. ती तुलनाच बरोबरीची नाही.

म्हणून आता प्रत्येक विषयाची व्याख्या दोन-तीन ओळींत लिहा: काय येतं, काय येत नाही, वऱ्हाडी शब्दांसकट नमुने. मग नवीन १०० उत्तरं तुम्ही आणि दादा दोघांनी करा, बॉटचा रकाना लपवून, एकमेकांशी न बोलता. माणसांचंच आपसात जुळत नसेल तर बॉटने कोणाशी जुळायचं? ते झाल्यावर बॉटला तीच व्याख्या द्या आणि आणखी वेगळ्या उत्तरांवर तपासा. आधीच्या २०० वर पुन्हा तपासू नका. ती वाचूनच तुम्ही व्याख्या लिहिणार आहात, तिथे तो पास होणारच.

वावरातली_वही

आठ दिवसांनी लिहितेय, सोयाबीनच्या चुकाऱ्यांच्या गडबडीत दादा अडकले होते.

नव्या १०० वर माझे १५ "हो", दादांचे १२, दोघांनीही लावलेले ११. कॅप्पा ०.७९. न जुळलेल्या पाचांपैकी तीन मोकाट ढोरांचीच निघाली. व्याख्येत "पाळीव जनावरं नाही" असं लिहिलेलं असूनही त्या तिन्हींना मीच वन्यप्राणी लावलं होतं. मालकाचा उल्लेख नव्हता आणि मला रानातली वाटली. आता मोकाट ढोरांचा आठवा विषयच केला.

मग बॉटला व्याख्या आणि प्रत्येक विषयाचे चार-चार नमुने देऊन आणखी १५० नवीन उत्तरांवर तपासलं. माणसांचं उत्तर म्हणून दादांनी आणि मी स्वतंत्र वाचून, नंतर बसून ठरवलेलं धरलं. आम्ही १८ ठिकाणी "हो", बॉट १६, दोघांचं १४. जुळणी ९६%, कॅप्पा ०.८०. जागल आता बरोबर येतंय.

कपाशी_कट्टा

माणसांचं ०.७९ आणि बॉटचं ०.८०, म्हणजे बॉट माणसाच्या पुढे गेला.

आकडेमोड_अमरावती

तसं म्हणता येत नाही. उत्तरं वेगळी, व्याख्याही मध्ये बदलली. शिवाय १५० मध्ये "हो" फक्त १८ आहेत. त्यातली दोन इकडची तिकडे झाली की कॅप्पा बराच हलतो. मला जास्त खटकतं ते हे की १८ पैकी ४ त्याने अजूनही सोडली. कुंपण कुठल्या गावाला हे यावर ठरणार असेल, तर ज्या उत्तरांत रात्र, जागल, राखण, डुक्कर, रोही, हरीण, माकड असं काही आहे आणि बॉटने "नाही" म्हटलंय, ती सगळी माणसाने वाचावीत. गाळणी लावली तर शे-दोनशे निघतील. दोघांचं दोन दिवसांचं काम आहे. बाकीच्या विषयांचे कॅप्पा किती आले?

वावरातली_वही

कीड-रोग ०.९१, बाकी ०.७५ च्या वर. फक्त पांदण रस्ता ०.५८. ती उत्तरं अजून वाचायची आहेत. गाळणी आज लावते.

"रातच्यानं वावरात जा लागते" एवढंच असलेल्या उत्तरांचं काय करू? एकूण ३१ आहेत.

आकडेमोड_अमरावती

"अस्पष्ट" असा विषय करा आणि अहवालात तो आकडा तसाच द्या.

शाळा_आणि_शीट

मला नाही पटत. ३१ जणांना फोन लावता येतो की. अनुक्रमांकावरून नंबर सापडतीलच. अस्पष्ट लिहिलं तर त्या माणसाचं बोलणं वायाच गेलं.

आकडेमोड_अमरावती

फोन केलात तर फक्त याच ३१ जणांना दुसऱ्यांदा विचारल्यासारखं होईल, बाकीच्यांना नाही. आणि फोनवर "वीज की जनावरं?" असं विचारलंत की तो दोन्ही म्हणेल.

धुऱ्यावरचा

आमच्याकडे दोन्हीसाठीच जा लागते. मोटर चालू करून ठिवतो अन् तिथंच मचाणावर बसतो. कोण्या एकात कसं टाकान?