सप्लायरने मेलवर बँक अकाउंट बदलून दिलंय, पेमेंट सोडू का? मदत हवी आहे

भोसरीकर: आमचं छोटं वर्कशॉप आहे, अकाउंट्स मी बघते. राजकोटच्या पार्टीकडून कास्टिंग येतं, इतकी वर्षं एकाच अकाउंटला आरटीजीएस करतोय. काल मेल आला की जुन्या अकाउंटचं ऑडिट चालू आहे तर या बिलाचे ४ लाख ८० हजार नवीन अकाउंटला टाका, सोबत लेटरहेड, कॅन्सल चेक, सगळं. बिल नंबर, रक्कम बरोबर आणि आमच्याच जुन्या चेनमध्ये रिप्लाय आलाय म्हणून डोकं चालेना. आयएफएससी टाकला तर ब्रँच निघाली आसामची! साहेब म्हणतात आजच सोडा, माल अडकेल.

जुनाखेळाडू: एवढं काय त्यात, हल्ली बेनिफिशियरी ॲड करताना नेटबँकिंगला खातेदाराचं नाव दिसतं. जुळलं तर बिनधास्त सोडा. नाहीतर १ रुपया टाकून विचारा मिळाला का.

मिरचीभजी: मलाही केवायसीची लिंक आली होती, दाबूच नका!!

खातेवही: भजी, इथे लिंकच नाहीये, हा प्रकार वेगळा. खेळाडू, नाव जुळलं नाही तर थांबायचं हे बरोबर, पण जुळलं म्हणजे खरं असं नाही, त्याच नावाने करंट अकाउंट उघडणारे असतात. आणि १ रुपया मिळाला का हे मेलवर विचारलंत तर चोरच 'हो मिळाला' म्हणणार.
ताई, त्या मेलला रिप्लाय दाबा, पाठवू नका, फक्त टू आणि सीसीमधले पत्ते एकेक अक्षर जुन्या मेलशी ताडून बघा. `m` च्या जागी `rn` हा नेहमीचा खेळ. पत्ता तंतोतंत बरोबर असला तरी त्यांचा मेलबॉक्सच कुणी उघडून बसलेला असू शकतो, म्हणून खात्री मेलवर करायचीच नाही. फोन करा, तोही जुन्या पीओवरच्या नंबरला, नवीन लेटरहेडवरच्या नाही. आणि अकाउंट नंबर तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांना सांगायला लावा, नाहीतर घाईत माणूस हो हो म्हणून मोकळा होतो.

भोसरीकर: बाप रे, `rn` च आहे!! सीसीमध्ये त्यांच्या शेठचा पत्ता होता तोही तसाच बनवलेला. जुन्या नंबरवर त्यांचे अकाउंटंट भेटले, म्हणाले आम्ही काही बदललं नाही, जुन्यालाच टाका. पेमेंट थांबवलंय. पण आमची चेन त्यांच्या हातात गेली कशी?

खातेवही: दोघांपैकी एकाचा मेलबॉक्स फुटलाय. तुमच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, आपण न लावलेला पत्ता दिसला तर तो आधी काढा, मग पासवर्ड बदला आणि टू-स्टेप चालू करा. त्यांनाही तेच सांगा. पैसे गेले असते तर लगेच १९३० आणि बँक.

जुनाखेळाडू: मी तरी नावावरच भरवसा ठेवतो, आजवर फसलो नाही.

भोसरीकर: आमच्याकडे फॉरवर्डिंग काही दिसत नाही. ते म्हणतात आमच्याकडेही नाही. आता?