मदत हवी आहे: क्यू-१५ मध्ये ०.५ × ०.५ चं उत्तर ०.१२५ येतंय

धागाकर्ता: १६ बिटी चिन्हांकित अपूर्णांक वापरतोय. ०.५ म्हणजे `0x4000`. गुणाकार असा:

```c
int32_t p = (int32_t)a * b;
int16_t y = p >> 16;
```

`p` मध्ये `0x10000000` दिसतं, `y` मध्ये `0x1000`. हवं होतं `0x2000`. वरचे १६ बिट घेतले, मग निम्मं का?

शून्यएक: गुणाकारात एक चिन्हबिट जास्तीचा येतो. `p << 1` करा आणि मग वरचे १६ घ्या. झालं काम.

बिटकुट्या: जवळजवळ. प्रत्येक संख्येत दशांशबिंदूनंतर १५ बिट, म्हणून गुणाकारात ३०. उरलेले वरचे दोन्ही बिट चिन्हाचेच. १६ ने सरकवलं की तो दुसरा चिन्हबिट `y` मध्ये येऊन बसतो आणि उत्तर निम्मं होतं. पण −१ × −१ करून बघा: `0x8000` चा वर्ग `0x40000000`. तो डावीकडे सरकवला की `0x80000000`, म्हणजे पुन्हा −१! शिवाय सी भाषेत हा ओव्हरफ्लो बेभरवशाचा. त्यापेक्षा उजवीकडे १५ सरकवा आणि मर्यादा घाला:

```c
int32_t r = p >> 15;
if (r > 32767) r = 32767;
```

खालची मर्यादा लागत नाही, +१ ला पोचणारी ही एकच जोडी आहे.

चिपवाला: माझ्याकडे उलटं, उत्तर दुप्पट येतं. टीएमएस३२०सी५४एक्स आहे.

बिटकुट्या: `FRCT` बिट १ असेल. मग गुणक स्वतःच एक बिट डावीकडे सरकवतो, त्यावर तुम्ही परत सरकवत असाल. दोन्हींपैकी एकच ठेवा. पण हा धाग्याचा प्रश्न नाही.

धागाकर्ता: १५ ने जमलं, आभार. आता `y = ०.८७५ × y` असं फिरवत राहिलो तर धन संख्या शून्यावर येते, ऋण मात्र −७ वर अडकते.

शून्यएक: छाटणीमुळे. सरकवण्याआधी `0x4000` मिळवा, जवळच्या पूर्णांकाला जाईल.

बिटकुट्या: निदान बरोबर, औषध अर्धवट. उजवीकडे सरकवणं शून्याकडे नाही, खाली छाटतं: −७ चे −६.१२५ होतात आणि छाटून परत −७. `0x4000` मिळवल्यावर ऋण बाजू −३ वर थांबेल, पण आता धन बाजूही अडकेल: ४ चे ३.५, त्यात अर्धा मिळवला की पुन्हा ४. सरासरी चूक कमी होते, अडकणं जात नाही. `y` ची अवस्था ३२ बिटांत ठेवा, १६ वर फक्त बाहेर देताना आणा. अडकेल तेव्हाही, पण इतक्या खाली की बाहेर दिसेल ते फार तर शेवटच्या बिटात.

धागाकर्ता: मग गुणाकार ३२ × १६ होईल. माझ्या चिपवर तो दोन तुकड्यांत करावा लागतो आणि वेळ आधीच काठावर आहे.

शून्यएक: शून्याकडे छाटून पाहिलंत का? ऋण असेल तर आधी `0x7FFF` मिळवून सरकवा.

बिटकुट्या: ०.८७५ ला चालेल, दोन्ही बाजू शून्यावर येतील. दोन टप्प्यांच्या फिल्टरला चालेलच असं मी म्हणणार नाही. गुणांक काय आहेत ते टाका.