चिठ्ठी सापडली तर लिहून द्यायचं की मिटवायचं?

गंगापूररोडकर: परीक्षा विभागाचं परिपत्रक वाचलंत? चिठ्ठी सापडली की जागेवर लेखी अहवाल! पोराचं वर्ष घालवून आपल्याला काय मिळणार? चिठ्ठी काढून घ्यावी, दम द्यावा, विषय संपला.

जुना पर्यवेक्षक: सर, मीही एकदा असंच मिटवलं होतं. चिठ्ठी खिशात टाकली, मुलाला लिहू दिलं. पाऊण तासाने भरारी पथकाला त्याच्याकडे दुसरी सापडली आणि पहिली माझ्या खिशात! लेखी खुलासा मला द्यावा लागला. तेव्हापासून आधी घड्याळ बघतो. उत्तरपत्रिका ताब्यात घेऊन शेवटच्या ओळीखाली रेघ मारतो, वेळ आणि सही टाकतो. वरिष्ठ पर्यवेक्षकांसमोर चिठ्ठीवर बैठक क्रमांक आणि मुलाची सही घेतो. मग त्याला नवी उत्तरपत्रिका मिळते, तो पेपर पूर्ण करतो. शिक्षा विद्यापीठाची समिती ठरवते, तिथे त्याला बाजू मांडता येते. वर्ष आपण घालवत नाही. फक्त अहवालात 'कॉपी करत होता' असं लिहू नका. चिठ्ठी बाहीत होती की बाकाखाली, जे दिसलं तेवढंच लिहा.

सिन्नरची मॅडम: बाकाखाली म्हणालात म्हणून सांगते. माझ्या ब्लॉकमध्ये एका मुलीच्या कप्प्यात चिठ्ठी निघाली. पोर थरथरत होती. उलगडून पाहिली तर सकाळच्या अकाउंट्सच्या पेपरची, आणि हिचा पेपर दुपारचा इकॉनॉमिक्सचा! दोन पेपरांमध्ये कप्पे कोणी बघितलेच नव्हते. परिपत्रकात 'बाक तपासावेत' एवढंच आहे. हॉल वीस मिनिटं आधी उघडतो, तीस बाक तपासायचे कधी?

सातपूरकर: मूळ दुखणं बैठक व्यवस्थेत आहे. एका आड एक वेगळा विषय बसवा, कॉपी बंद!

जुना पर्यवेक्षक: शेजाऱ्याचं बघणं थांबेल, बाहीतली चिठ्ठी नाही थांबणार.

सिन्नरची मॅडम: आणि दोन तासांचा पेपर तीन तासांच्या शेजारी बसवलात की दोन तासांनी अर्धा हॉल उठतो. आम्ही उत्तरपत्रिका मोजत असतो आणि नेमकं तेव्हाच मागे कुजबुज सुरू होते.

सातपूरकर: मग सारख्या वेळेचे विषय एकत्र लावा ना! आमच्याकडे एका बाकावर दोघं बसवतात, त्यांच्या कोपरांत वीतभरही अंतर नसतं. बाक वाढवा म्हटलं की पैसे नाहीत म्हणतात. नियम मात्र आमच्या गळ्यात.

गंगापूररोडकर: बाकांचं नंतर भांडा. मॅडमच्या त्या मुलीचं काय झालं?

सिन्नरची मॅडम: मी चिठ्ठीचा विषय आणि सापडल्याची जागा अहवालात लिहिली. वरिष्ठांनी वाचून प्रकरण पुढे पाठवलं नाही. तिचा पेपर तोवर बारा मिनिटं थांबला होता, ती कोणी भरून दिली नाहीत.

गंगापूररोडकर: म्हणजे लिहिलं म्हणून ती सुटली. बरं, एवढं मान्य. पण त्या बारा मिनिटांबद्दल परिपत्रकात एक ओळ नाही, आणि त्यावर मी भांडणारच.

जुना पर्यवेक्षक: त्यावर माझी सही घ्या.