मदत हवी आहे: सासऱ्यांच्या आशीर्वादाच्या चित्रांचा अर्थ एका ओळीत कसा द्यावा?

उन्हाळी: सासरे रोज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देवाचे चित्र पाठवतात आणि नणंदेच्या सासूबाई त्याचा अर्थ विचारतात. सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे, पण शब्दशः लिहिले की अनर्थ होतो. कृपया लवकर सांगा, उद्या सकाळी पुढचे चित्र येईलच.

टेकडीवरचा: सेटिंगमध्ये जाऊन चित्रे आपोआप डाऊनलोड होणे बंद करावे. माझा फोन अशा सुप्रभातांनीच भरला होता.

भोपाळकर: त्यांनी जागेबद्दल विचारलेले नाही. उन्हाळी, अर्थ कोणत्या भाषेत हवा आहे आणि मूळ मजकूर काय आहे?

उन्हाळी: हिंदीतच, व्याही लखनौचे आहेत. गुरुवारी स्वामी समर्थांच्या चित्राखाली "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" होते. यजमानांनी "मैं तुम्हारे पीछे हूँ" असे लिहिले आणि तिकडून हसण्याची चिन्हे आली. आज विठ्ठलाच्या चित्रावर "पांडुरंगा, माझ्या माणसांना सुखी ठेव" आहे.

रानवारा: "पीछे" चुकीचे नाही, हिंदीतही आधार देणारा माणूस पाठीमागेच उभा असतो.

भोपाळकर: "पीछे खड़ा हूँ" म्हटले तर आधार कळतो, पण नुसते "पीछे हूँ" म्हटले की कोणी पाठलाग करत असल्यासारखे वाटते. "स्वामी कहते हैं: डरना मत, मैं तेरे साथ हूँ" असे लिहावे. स्वामींचे नाव आधी हवे, कारण चित्र न पाहता नुसती ओळ वाचणाऱ्याला ते तुमचेच बोलणे वाटेल. विठ्ठलाच्या ओळीत "मेरे आदमी" मुळीच नको, त्याचा अर्थ नोकर किंवा नवरा असाही होतो. "हे विठ्ठल, मेरे अपनों को सुखी रखना" एवढे पुरे. "रखो" पेक्षा "रखना" मध्ये विनवणी अधिक आहे.

रानवारा: विहीणबाईंना "तेरे"? लखनौच्या माणसांना ते खटकेल. निदान "तुम्हारे" तरी करा.

भोपाळकर: बोलणारे स्वामी आहेत, सूनबाई नव्हेत. "तुम्हारे" केले की मायेचा एकेरीपणा जातो.

रानवारा: वाचणाऱ्या विहीणबाई आहेत, हे आपण विसरता. माझ्या मेहुण्याकडे याच कारणाने आठवडाभर अबोला होता.

उन्हाळी: यावर आपण दोघे सावकाश ठरवा, मी तोवर "तुम्हारे" लिहिते. नणंदेच्या लग्नाचा वाढदिवस उद्या आहे आणि सासऱ्यांनी चित्र आजच मला दाखवले: "तुमचा संसार सुखाचा होवो". "आपका संसार सुखी हो" चालेल का?

भोपाळकर: नको, हिंदीत संसार म्हणजे सारे जग. "आपकी गृहस्थी सदा सुखी रहे" असे लिहा आणि त्या चित्रावर देव कोणता आहे तेही कळवा.