‘तू आमचा राक्षस होशील’ – अरबी निरोपाच्या कार्डावर असं का लिहिलंय?

अक्कलकोटरोड:
मंडळी मदत पाहिजे, जरा अर्जंट आहे. मी सहा वर्षं शारजाला हॉटेलच्या चादरी-टॉवेल सप्लाय करणाऱ्या एका कंपनीत होतो, मार्चएंडला सोडून सोलापूरला परत आलो. शेवटच्या दिवशी आमच्या अकाउंट्समधल्या इजिप्शियन मित्राने हाताने लिहिलेलं कार्ड दिलं, सगळं अरबीत. मला अरबी बोललेलं थोडं कळतं पण वाचता अजिबात येत नाही, त्यामुळे कार्ड तसंच बॅगेत राहिलं. परवा बॅग आवरताना सापडलं म्हणून मोबाईलने फोटो काढून भाषांतर केलं, तर त्याच्या अक्षरावर मराठीचे पांढरे चौकोन चिकटवून हे आलं:

‘हे महाग. तू आमचा राक्षस होशील. तू आमच्यात कधीच गरीब नव्हतास.’ आणि खाली तारीख २१.

आता मला त्याला थँक्यू लिहायचंय, आणि सोबत हा भाषांतर झालेला फोटो पाठवायचाय, म्हणजे त्याला कळेल की मी वाचलं. पण हे नक्की कौतुक आहे की टोमणा? ‘गरीब नव्हतास’ म्हणजे पगारावरून काही आहे का, कारण पगाराची चर्चा आमच्यात एकदा झाली होती आणि तेव्हा जरा वाजलं होतं.

भाषणवाला:
निरोप समारंभाला सुरुवात नेहमी एखाद्या आठवणीने करावी, मग दोष नाही गुण सांगावे आणि तीन मिनिटांत संपवावं. माझ्याकडे तयार भाषण आहे, पाहिजे असल्यास टाकतो.

अक्कलकोटरोड:
अहो निरोप मलाच दिलाय, दोन महिने झाले.

नई जिंदगीचा चाचा:
फोटो बघितला. मी उर्दू मीडियमचा, लिपी एकच असल्याने वाचू शकतो. तिसऱ्या ओळीत ‘ग़रीब’ स्पष्ट लिहिलंय, त्यात मोबाईलची चूक नाही. दुसऱ्या ओळीत ‘वहश’ आहे, आपल्याकडे वहशी म्हणजे रानटी, जंगली. म्हणजे राक्षस नाही पण जनावर म्हणतोय. मला वाटतं दोस्तीतली मस्करी आहे, मनावर घेऊ नका.

कैरोकर ताई:
चाचा, अक्षरं तुम्ही बरोबर वाचलीत, पण अर्थ उर्दूतला लावलात. मी कैरोत बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा एकेक ओळ बघू.

पहिली ओळ ‘या ग़ाली’. ग़ाली म्हणजे महाग हे खरंच, भाजीवाल्याला ‘फार ग़ाली आहे हो’ म्हणतात. पण माणसाला म्हटलं की मोलाचा, लाडका. आपणही बरेच दिवसांनी भेटलेल्याला ‘दर्शन महाग झालं’ म्हणतोच की, त्याच्या आसपासचं.

तिसरी ओळ ‘उमरक मा कुन्त ग़रीब बीन्ना’. अरबीत ग़रीब म्हणजे परका, परमुलखातला. पैशाचा संबंध नाही. परका माणूस म्हणजे निराधार, निराधार म्हणजे पैसा नसलेला, असं सरकत सरकत फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत ‘गरीब’ झालं. तुमचा मित्र म्हणतोय, तू आम्हाला कधीच परका वाटला नाहीस. पगाराचं डोक्यातून काढा.

अक्कलकोटरोड:
आईशप्पथ. आणि मी दोन दिवस जेवताना पण तेच घेऊन बसलो होतो.

निवृत्त खजिनदार:
माझंही असंच. बदलीच्या वेळी गुलबर्ग्याच्या कलीगने कन्नडमध्ये चार ओळी लिहून दिल्या होत्या, मी नंतर वाचून घेऊ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवल्या, रिटायर होताना सापडल्या, तोपर्यंत तो गेला होता. तुम्ही दोन महिन्यांत वाचलं हे फार लवकर आहे.

शब्दवेडी:
‘परका नाही वाटलास’ छान आहे, पण आपल्या मराठीत ‘गरीब’ला अजून एक छटा आहे ना, ‘गरीब स्वभावाचा’, ‘गरीब गाय’. ती पैशाची नाही, बापुडवाणेपणाची आहे. निराधारमधून आली असेल का?
आणि ताई, राक्षस राहिलाच!

कैरोकर ताई:
राक्षसाकडेच येत होते, तो सगळ्यात सुंदर आहे. शब्द आहे ‘हतिवहश्ना’. पुढचा ‘ह’ इजिप्तच्या बोलीतला भविष्यकाळ, शेवटचा ‘ना’ म्हणजे आम्हाला. मधल्या धातूत रानटी जनावर पण आहे आणि ओसाड, एकटं वाटणं पण आहे. रान म्हणजे जिथे माणूस नाही, तिथून दोन्हीकडे वाटा फुटतात. मोबाईल जनावराच्या वाटेने गेला. खरा अर्थ ‘तू आम्हाला एकटं करशील’, म्हणजे आम्हाला तुझी फार आठवण येईल.

शब्दवेडी:
मग मराठीत ‘भकास’! तू गेल्यावर ऑफिस भकास वाटेल. ‘आठवण येईल’पेक्षा हे जवळचं वाटतं मला.

नई जिंदगीचा चाचा:
किंवा ‘तुझ्याशिवाय करमणार नाही’. भकास म्हटलं की मला बंद पडलेली मिल दिसते.

शब्दवेडी:
सोलापुरात बंद मिल नाही तर काय दिसणार चाचा. पण ‘करमणार नाही’मध्ये तो ‘तू करतोस’ भाग जातो ना.

कैरोकर ताई:
तोच भाग महत्त्वाचा आहे, उत्तर लिहिताना तिथेच सगळे पडतात.

अक्कलकोटरोड:
बरं झालं सांगितलं, कारण मी उत्तर लिहून ठेवलंय. तुमचं वाचून आत्ताच जुळवलं, इंग्रजी ‘आय मिस यू’च्या चालीवर. ‘मी’ला त, ‘तुला’ला क, म्हणून ‘वहश्तक’. पाठवू का?

कैरोकर ताई:
थांबा! ‘वहश्तक’ म्हणजे ‘मी तुला एकटं केलं’, म्हणजे ‘तुला माझी आठवण आली’. तुम्ही त्याला सांगताय की बाबा तू माझ्यावाचून झुरतोयस. इजिप्तमध्ये बायका लाडाने असं विचारतात, ‘वहश्तक?’, काय, आली का माझी आठवण.

अरबीत इथे कर्ता तो आहे ज्याची आठवण येते, तुम्ही नाही. मराठीतही खरं तर तुम्ही कर्ता नसताच, ‘मला आठवण येते’, येणारी आठवण आहे. तेव्हा इंग्रजीच्या चालीने जाऊच नका. तो एकटा पुरुष असेल तर ‘वहश्तिनी’, तू मला एकटं केलंस. सगळ्या ऑफिसला म्हणायचं असेल तर ‘वहश्तूनी’, तुम्ही सगळ्यांनी. ओळखायची सोपी खूण, शेवटी ‘नी’ आला म्हणजे झुरणारे तुम्ही.

नई जिंदगीचा चाचा:
एवढी भानगड नको असेल तर ‘इश्तक़्तलक’ लिहा. आमच्या दुबईच्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलंय. शौक त्याच धातूतला आहे, पण तिथे ओढ असा अर्थ.

कैरोकर ताई:
चाचा, हे मात्र शंभर टक्के. तिथे कर्ता ‘मी’च असतो, मला तुझी ओढ लागली, त्यामुळे घसरायची भीती नाही. फक्त कार्डावर त्याने ‘वहश’ वापरलाय, तर त्याचाच शब्द त्याला परत दिला की जास्त गोड लागेल असं माझं मत.

निवृत्त खजिनदार:
थँक्यूला शुक्रान आहेच की. माझा एक नातेवाईक म्हणतो ‘अल्लाह यातीक अल-आफिया’ पण लिहितात, म्हणजे देव तुला तब्येत देवो, आपल्या ‘बरं असो’सारखं.

कैरोकर ताई:
ते काम करून दमलेल्याला म्हणतात, जॉर्डन, सीरिया, आखातात रोज ऐकू येतं. इजिप्तवाल्याला समजेल, पण बाहेरचं वाटेल. आणि मोरोक्कोच्या माणसाला चुकूनही पाठवू नका, तिकडे ‘आफिया’ म्हणजे आग, देव तुला आग देवो असं होतं. म्हणून अरबी मेसेज लिहायच्या आधी ‘कुठल्या देशाचा’ हे विचारावं, ‘अरबी येतं का’ एवढं पुरत नाही.

हाताने कार्ड लिहिलंय ना? मग ‘तस्लम ईदक’. तुझा हात सलामत राहो. इजिप्तमध्ये कुणी स्वयंपाक केला, शिवलं, लिहिलं, काही हाताने बनवलं की हेच म्हणतात.

अक्कलकोटरोड:
हे लई आवडलं. आई शेंगाचटणी कुटताना कुणीतरी तिला हे म्हणायला पाहिजे.
अजून एक, तारीख २१ कशी? माझा शेवटचा दिवस ३१ होता, मार्चएंडचं क्लोजिंग करूनच निघालो.

कैरोकर ताई:
मोबाईल फसलाय. हाताने भरभर लिहिताना अरबी तीनच्या डोक्यावरचे दोन खाचे एकात मिटतात, मग तो छापील दोनसारखा दिसतो, आणि हाताचा दोन त्याहून साधा, सपाट डोक्याचा असतो. त्याचा दुसरा कुठला दोन कार्डावर असेल तर त्याच्याशी ताडून बघा. आणि ‘हतिवहश्ना’मध्ये बघा, दोन टिंबांच्या जागी नुसती आडवी रेघ आहे, तीन टिंबांच्या जागी छोटी टोपी, ‘श’चे दात तर पार पुसून सरळ ओढलेत. त्या धावत्या वळणाला रुक़आ म्हणतात. मोबाईलला एवढं वाचता आलं हेच नवल.

अक्कलकोटरोड:
बरोबर, खाली वर्षातला दोन वेगळाच आहे, सपाट. म्हणजे ३१च.
मग फोटो पाठवू की नको? त्यात त्याचं अक्षरच झाकलं गेलंय.

शब्दवेडी:
नका पाठवू. त्याने एवढ्या प्रेमाने लिहिलेल्यावर ‘राक्षस’ चिकटवून परत देणं बरं नाही दिसत.

नई जिंदगीचा चाचा:
पाठवा हो. हसेल तो.

कैरोकर ताई:
दोन्ही पाठवा. आधी मूळ कार्डाचा स्वच्छ फोटो, मग मेसेज, मग शेवटी मोबाईलवाला, खाली ‘मोबाईलने असं वाचलं’ लिहून. नुसता भाषांतराचा पाठवला तर त्याला मराठी वाचता येणार नाही, जोक कळणार नाही, आणि त्याला वाटेल तुम्हाला तेवढंच कळलं. राक्षसाचं अरबी तुम्हीच सांगा त्याला, ‘वहश’. मेसेज असा करा: ‘या ग़ाली, तस्लम ईदक अलल-कार्त. वहश्तूनी कुल्लुकुम.’ अरबी लिपीत मी वेगळं पाठवते, कॉपी करा. मधे इंग्रजी किंवा मराठी शब्द घालू नका, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत तो कुठेतरी भलतीकडे उडी मारतो.

अक्कलकोटरोड:
पाठवलं, तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने. आत्ताच उत्तर आलं. आधी नुसता ‘ह’ आठ-दहा वेळा, ते हसणं एवढं मला कळतं. मग व्हॉइस नोट, त्यात ‘अल्लाह यसल्लिमक’ कळलं, आणि मग तो तीनदा ओरडतोय ‘या वहश! या वहश!’
ताई हे आता काय?

कैरोकर ताई:
हात सलामत राहोचं उत्तर ‘अल्लाह यसल्लिमक’च असतं, ते ठीक. आणि ‘या वहश’ म्हणजे अरे वाघा! इजिप्तची पोरं शाबासकीला असंच ओरडतात.

नई जिंदगीचा चाचा:
म्हणजे जनावर होतंच की.

शब्दवेडी:
‘गरीब गाय’चं उत्तर अजून कुणी दिलं नाहीये.