जखमेच्या फोटोसाठी संमतीपत्र आलंय, सही करायची का?

खाडीकाठ:
मेहुण्याला रापण ओढताना पाकट माशाचा काटा लागला, डाव्या पोटरीत. नऊ दिवस झाले, जखम काळी पडायला लागली म्हणून मोठ्या हॉस्पिटलात अॅडमिट केलंय. ड्रेसिंगच्या आधी सिस्टरनी एक कागद पुढे केला, त्यात एकच ओळ, ‘जखमेचे फोटो उपचार, शिक्षण व इतर कामांसाठी वापरण्यास माझी हरकत नाही’. सही नाही केली तर उपचारात हयगय करतील का? आणि केली तर फोटो जाणार कुठे? घरात दोन तट पडलेत.

रवी_देवगडकर:
अजिबात करू नका. आमच्या तात्यांचा शुगरने सडलेला पाय होता, दोन महिन्यांनी तोच फोटो माझ्या मेव्हण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘साखर खाणाऱ्यांनो बघा’ म्हणून फिरत आला. चेहरा नव्हता हो, पण पायाखाली आमच्याच घरची चादर होती, निळ्या बदकांची, ती आईने बघितली आणि दोन दिवस जेवली नाही. कोणी पाठवला ते आजपर्यंत कळलं नाही.

आंबेवाले_दादा:
अहो सही करा, सहीशिवाय भूलवाले हात लावत नाहीत. माझ्या हर्नियाच्या वेळी तीन कागदांवर सह्या घेतल्या, काय लिहिलंय ते मी बघितलं पण नाही, सगळं नीट झालं.

खाडीकाठ:
दादा तो ऑपरेशनचा कागद, तो वेगळा दिलाय. हा फक्त फोटोचा.

नियमाने_चला:
उगाच बाऊ करताय सगळे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की पेशंटची ओळख उघड होणार नसेल तर फोटो छापायला संमती लागत नाही. पोटरीचा फोटो आहे, पोटरीला काय नाव असतं? हॉस्पिटल विचारतंय हाच चांगुलपणा समजा.

मालवणी_माणूस:
पोटरेक नाव नसता? आमच्या मेव्हण्याच्या पोटरेर होडयेचा नाव गोंदलेला आसा. आणि ह्या मोसमात पाकट लागलेलो माणूस आमच्या वाडयेत एकच. तोंड दिसला नाय म्हणान काय झाला, गावात पाय बघून माणूस वळाखतत.

जुनी_सिस्टर:
मी चोवीस वर्षं सर्जरी वॉर्डात काढली, ड्रेसिंग रूममध्ये फोटो काढायचं काम बरंचसं माझ्याकडेच असायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नियमाने_चला, तुम्ही वाचलंय ते बरोबर पण अर्धंच. तो नियम जर्नलमध्ये छापण्याबद्दल आहे आणि त्यात कळीचा भाग ‘ओळख पटेल अशा रीतीने’ हा आहे. ओळख काही फक्त चेहऱ्याने पटत नाही. गोंदण, तीळ, जुना व्रण, पैंजण, रवीभाऊंची बदकांची चादर, आणि फोटोखाली ‘34 वर्षांचा मच्छीमार, अमुक गाव’ असं लिहिलं की झालंच. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की माणूस लपला हे तर जर्नलवालेसुद्धा आता मानत नाहीत.

आता त्या कागदाबद्दल. त्याची खरी खोट ही की तीन वेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्यात. पहिली म्हणजे केसपेपरला लागणारा फोटो. पाकटाच्या जखमेत तो खरंच उपयोगी पडतो कारण बाहेरून भोक लहान दिसतं आणि विषाने आतलं मांस मरत जातं, कधी काट्याचा तुकडा आत राहतो. आज कडेपासून काळं किती पसरलंय, चार दिवसांनी किती, हे ड्युटी बदलल्यावर नव्या डॉक्टरला तोंडी सांगून कळत नाही. म्हणून कागदी मोजपट्टी जखमेच्या बाजूला ठेवून, दर वेळी त्याच अंतरावरून, फ्लॅश न मारता काढायचा, फ्लॅशने ओली जखम नुसती चमकते. लेबलवर नाव नाही, नोंदणी नंबर. हाही नको असेल तर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पेनने कड गिरवून घेता येते, आम्ही पूर्वी तेच करायचो.

दुसरी गोष्ट शिकवण्याची, म्हणजे वर्गात विद्यार्थ्यांना दाखवणं. तिसरी छापण्याची किंवा नेटवर टाकण्याची. तिन्हीसाठी वेगवेगळं विचारायला पाहिजे, आणि पहिलीला हो, बाकी दोन्हीला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. त्याने ड्रेसिंग थांबत नाही, औषध बदलत नाही, आणि हे वाक्य कागदावरच असायला हवं. ‘इतर कामांसाठी’ हे शब्द तर सरळ खोडा आणि बाजूला सही करा.

वॉर्डातला_इंटर्न:
सिस्टर, सगळं पटलं पण एक विचारतो, राग नको. सगळ्यांनी शिकवण्याला नाही म्हटलं तर आम्ही शिकायचं कशावर? पुस्तकातल्या जखमा बहुतेक गोऱ्या कातडीवरच्या. जखमेभोवतीची लाली आपल्या रंगावर तशी लाल दिसतच नाही, नुसती गडद, कधी जांभळट. गेल्या महिन्यात एकाची पाकटाची जखम बाहेर साधा काप समजून टाके घालून आली होती, आत सगळं पू. ज्याने आधी एक तरी असा फोटो बघितला असेल तो टाके घालणार नाही.

रवी_देवगडकर:
बघा ना, पण तुमच्या पोरांच्याच मोबाईलमधून जातात की बाहेर.

वॉर्डातला_इंटर्न:
जातात, खोटं नाही बोलणार. वॉर्डात कॅमेरा नसतो, आपलाच फोन वापरतो, आणि फोन आपोआप बॅकअप घेतो, फोटोत जागा नि वेळही नोंदलेली असते. सरांना पाठवायचा म्हणून ग्रुपवर टाकतो.

जुनी_सिस्टर:
मग शिकण्याचा प्रश्न नंतर, आधी हा सोडवा. पेशंटला विचारायचं ते ‘कोणाच्या फोनवर, कुठे साठवणार, कोण बघणार’ यासकट. दुसरं, ड्रेसिंगच्या आधी कण्हणाऱ्या माणसापुढे कागद ठेवणं ही काय वेळ झाली? तेव्हा तो कशावरही सही करेल. नोंदीपुरता फोटो त्याला तोंडी विचारून काढा, शिकवण्याचं दुसऱ्या दिवशी त्याचं दुखणं उतरल्यावर विचारा, त्याच्याच भाषेत वाचून दाखवा, अंगठा असेल तर बाहेरचा साक्षीदार घ्या. मन बदललं तर लेखी कळवा, वर्गातल्या स्लाइडमधून फोटो काढता येतो. छापून गेलेला मात्र परत येत नाही, हे सही घेतानाच सांगायला हवं, आणि तेच कोणी सांगत नाही.

नियमाने_चला:
एवढं सगळं करायला ओपीडीत वेळ कुणाकडे आहे? नियमात जेवढं आहे तेवढं करा.

मालवणी_माणूस:
येळ नाय तर फोटोय काढू नकात.

खाडीकाठ:
अपडेट देतो. ‘इतर कामांसाठी’ खोडलं, नोंदीला हो लिहिलं. सिस्टर कुरकुरल्या पण घेतलं, ड्रेसिंगही लगेच झालं. एक्सरेत काट्याचा तुकडा दिसला, तो काढला. संध्याकाळी मेहुण्याला इंटर्नने लिहिलेली टाक्यांची गोष्ट वाचून दाखवली तर म्हणतो, वर्गात दाखवायला दे, माझ्यासारखं दुसऱ्याचं नको व्हायला, पण पोटरीवर गोंदलेलं होडीचं नाव झाकून. उद्याच्या फोटोला गोंदणावर हिरवं कापड टाकणार आहेत. पण बहीण अडून बसलीये, तिचं म्हणणं की अॅडमिट केलं त्या रात्री कॅज्युअल्टीत एका डॉक्टरने न विचारता दोन फोटो काढले होते, ते आधी दाखवा कुठे आहेत. ते डॉक्टर सध्या रजेवर आहेत म्हणे.