ट्रेंडवर रील आणि कौटुंबिक वकिलाचं ऑफिस

“वकिलाच्या ऑफिसनं चालू ट्रेंडवर एक रील केलं तर काय बिघडतं? सगळेच करतात,” असं आमच्याकडे हमखास म्हटलं जातं.

बिघडतं, कारण प्रश्न फक्त रीलचा सूर गंभीर असावा की गमतीदार, एवढाच नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनं वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ई-मेल, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढंच टाकायला मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये कौन्सिलनं प्रचारकी व्हिडिओंबद्दल पुन्हा बजावलंही. तेव्हा शांत आवाजात ‘घटस्फोटासाठी आम्हाला फोन करा’ म्हटलं तरी ते काम मागणंच.

मी म्हापशात वकिलांकडे काम करते. आमच्याकडे नवरा-बायकोच्या भांडणावरचा एक गाजलेला ऑडिओ घेऊन रील करायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात एक बाई पोटगीच्या कामाला आल्या. दुसऱ्या ऑफिसचं तसंच रील त्यांना नातेवाइकांनी पाठवलं होतं. “हे आमच्यावरच केलंय का?” म्हणून त्या रडल्या. गोवा एवढासा, प्रत्येकाला आपलंच घर दिसतं. आम्ही बेत सोडला.

त्याऐवजी माहितीचा व्हिडिओ केला: गोव्यात लग्नाआधी करार केला नाही, तर सहसा दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते, आणि लग्नानंतर ही व्यवस्था बदलता येत नाही. सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही करायला येणाऱ्या कितीतरी जोडप्यांना हे ठाऊकच नसतं. व्हिडिओत फोन नंबर नाही, निकालांची बढाई नाही, कुणा पक्षकाराची गोष्ट नाही. नाव बदलूनसुद्धा नाही, कारण इथं गाव आणि घराची खूण सांगितली की माणूस ओळखू येतो.